सातबारा आजोबांचा, पगार नातवाचा, लावणी कोणाची?

ग्रामीण समाजशास्त्राच्या पेपरात हा विषय फिरून फिरून येतो: तरुण पिढी शेतीतून बाहेर पडते आहे, मागे उरलेले शेतकरी म्हातारे होत आहेत, कारणमीमांसा करा. बहुतेक वह्यांत उत्तर ठरलेलं असतं. शहराचं आकर्षण, कष्टाची नावड, मोबाईल, बेभरवशाचा पाऊस, शेवटी सरकारने काय करावं याची यादी. यातलं काही अगदीच खोटं नाही. पण हे उत्तर विदर्भातल्या कापसालाही चालतं आणि पंजाबातल्या गव्हालाही, आणि जे सगळीकडे चालतं त्याने एका जागेचं काहीच कळत नाही. म्हणून इथे एकच जागा घेतो. ठाणे जिल्ह्यातले मुरबाड-शहापूर हे तालुके, पावसावरचा भात, आणि कल्याणहून लोकलने तासाभराच्या आत पोचणाऱ्या आसनगाव-वासिंद-बदलापूरच्या स्टेशनांमागची गावं.

इथे पाहिलं तर पहिलीच गोष्ट खटकते. तरुणांनी शेती सोडली म्हणावं, तर जमीन कोणीच सोडलेली नाही. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, कधी कधी वारलेल्या पणजोबांचंही. शेतात राबतात आईवडील आणि पाड्यावरून आलेले मजूर. बियाणं, खत, मजुरी यांचे पैसे येतात नातवाच्या पगारातून. मालकी, श्रम आणि पैसा या तीन गोष्टी पूर्वी एकाच घरात, बऱ्याचदा एकाच कर्त्या माणसात असायच्या. त्या आता तीन ठिकाणी आहेत. ‘शेतकरी म्हातारा होतोय’ असं आपण म्हणतो तेव्हा या तिघांपैकी नेमकं कोणाचं वय मोजतो, हा खरा पहिला प्रश्न.

मोजणाऱ्यांचे नियम बघा. जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलं तर माणूस ‘मुख्य कामकरी’ ठरतो, आणि ते काम स्वतःच्या किंवा खंडाने घेतलेल्या शेतीचं असेल तर ‘शेतकरी’. दरवर्षी होणाऱ्या श्रमबल सर्वेक्षणात दोन प्रश्न असतात. वर्षाचा जास्तीत जास्त काळ कशात गेला, आणि त्याशिवाय दुसरं काही काम निदान तीस दिवस केलं का. आता भिवंडीच्या गोदामात काम करणारा, लावणीला आठ दिवस आणि कापणी-झोडणीला दहा दिवस गावी येणारा तरुण घ्या. त्याचे अठरा दिवस भरतात. तो मुख्य कामात बसत नाही आणि तीस दिवसांच्या दुय्यम कामातही बसत नाही. कागदावर त्याचा शेतीशी संबंध संपला. त्याची आई मात्र दिवसाचे दोन तास शेताकडे जाऊन येते, तिचं मुख्य काम शेती म्हणून नोंदलं जाऊ शकतं. भाताच्या एकपिकी भागात शेतीचं काम वर्षभर पसरलेलं नसतं, ते थोड्या दिवसांत दाटलेलं असतं. त्यामुळे नुसत्या नियमानेच इथला शेतकरी आहे त्याहून म्हातारा दिसतो.

म्हणजे आकडे फसवे, प्रश्नच नाही, असं नाही. २००१ च्या जनगणनेत देशात १२.७३ कोटी शेतकरी होते, २०११ मध्ये ११.८८ कोटी. त्याच दशकात शेतमजूर १०.६७ कोटींवरून १४.४३ कोटींवर गेले. दोन्ही एकत्र वाचले की लक्षात येतं की शेतीतली माणसं कमी झाली नाहीत, स्वतःची शेती करणारी कमी झाली. निबंधात नुसता पहिला आकडा लिहून ‘शेतीकडे पाठ’ असा निष्कर्ष काढणारे दुसरा आकडा का विसरतात, कोण जाणे.

आता एक घर घेऊ. घर माझ्या मनातलं आहे, पण त्याचा हिशेब मुरबाडच्या कुठल्याही कुणबी किंवा आगरी घरात जुळेल. वडील सहासष्ट वर्षांचे, आई साठीची. थोरला मुलगा गोदामात सुपरवायझर, बायको-मुलांसह बदलापूरला भाड्याने राहतो. धाकटा मुरबाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, महिना पंधरा हजारांवर, घरातूनच ये-जा करतो. एक मुलगी लग्न होऊन गेलेली. जमीन दोन एकर भाताची खाचरं आणि वर थोडं वरकस, जिथे पूर्वी नाचणी-वरी व्हायची आणि आता गवत होतं.

दोन एकर भाताला माणसं किती लागतात? आधी राब. उन्हाळ्यात पालापाचोळा, फांद्या, शेण, गवत पसरून त्यावर माती टाकून भाजायचं. रोपाची जागा लागवडीच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे ऐंशी गुंठ्यांना आठ गुंठे राब. हे काम संथ आहे, महिना-दीड महिन्यात उरकायचं, म्हातारा-म्हातारी ते करतात. मृगात पेर. त्यानंतर एकवीस ते पंचवीस दिवसांनी रोप लावणीला येतं, आणि इथून गणित बदलतं. रोप उपटून मुठी बांधणं आणि चिखलात लावणं मिळून एकरी बारा-पंधरा माणसं लागतात. दोन एकरांना अठ्ठावीस धरू. ही अठ्ठावीस माणसं आठवड्याभरात मिळायला हवीत. रोप महिन्याच्या पुढे गेलं की त्याला फुटवे कमी येतात आणि उत्पन्न घटतं. पाणी खाचरात थांबलेलं असतानाच चिखलणी होते, ते वाहून गेलं की पुढच्या सरीची वाट बघायची. दिवाळीच्या आसपास कापणी, भारे वाहणं आणि झोडणी, त्याला दोन एकरांना छत्तीसेक माणसं.

वर्षभराचे सगळे मिळून नव्वद-शंभर माणसांचे दिवस होतात. दोन म्हाताऱ्या माणसांनी वर्षात शंभर दिवस भरणं अजिबात अशक्य नाही. भरतातही. पण आठ दिवसांत अठ्ठावीस भरणं त्यांना कधीच शक्य नाही. घराचं वय वाढल्याचं वर्षभराच्या कामावर फारसं दिसत नाही, ते आर्द्रा-पुनर्वसूच्या त्या आठ दिवसांत दिसतं. कुठल्याही गावात म्हातारपण शेतीत कुठे शिरलंय हे बघायचं असेल तर जुलैत जावं. ज्यांची रोपं राबात पिवळी पडत उभी असतात आणि बाजूची खाचरं अजून चिखललेली नसतात, त्या घरांत बहुधा घरातलं कोणी हाताशी नसतं.

पूर्वी हे आठ दिवस सावडीने निघायचे. आज तुमच्याकडे आम्ही चार जण, उद्या आमच्याकडे तुम्ही चार जण. पैशाचा व्यवहार नाही, दुपारचं जेवण मात्र ज्याचं शेत त्याच्याकडे. सावड मोडली ती माणसं स्वार्थी झाल्यामुळे, असं गावातलेच लोक सांगतात. मला ते पटत नाही. सावडीचा नियम दिवसाला दिवस आहे. मी तुम्हाला एक दिवस दिला की तुम्ही मला एक दिवस परत करायचा, तितक्याच ताकदीचा. घरात फक्त सहासष्टचा बाप आणि साठीची आई उरली की त्यांना चार जणांचे चार दिवस परत करता येत नाहीत. ते स्वतःच संकोचून सावडीतून बाहेर पडतात. अशी तीन-चार घरं बाहेर पडली की उरलेल्यांची साखळीही पुरत नाही. सावड चालायला गावातल्या घरांचं वय साधारण सारखं असावं लागतं, ही अट कोणी बोलून दाखवली नव्हती, कारण ती आपोआप पुरी होत होती.

सावड गेली की मजुरी आली. जेवण-चहा वेगळा ठेवून रोज साडेचारशे धरू. लावणीच्या अठ्ठावीस माणसांचे १२,६०० रुपये. कापणी-झोडणीच्या छत्तीस माणसांचे १६,२००. बैल विकलेले, तेव्हा चिखलणी पॉवर टिलरने, दोन एकरांचे सहा हजार. बियाणं, खत, औषध आणखी सहा हजार. एकूण ४०,८०० रुपये रोख. एकरी बारा क्विंटल भात आला तर चोवीस क्विंटल. २०२५-२६ च्या खरिपाचा साधारण भाताचा हमीभाव २,३६९ रुपये, म्हणजे ५६,८५६ रुपये. उरले सोळा हजार आणि थोडा पेंढा. राब, पेर, खुरपणी, राखण यांतले आईवडिलांचे कष्ट यात फुकट धरलेले आहेत. आणि खरं तर यातला बराच भात विकलाच जात नाही, तो घरात खायला राहतो, बदलापूरच्या मुलाकडेही दोन पोती जातात.

आता धाकट्याच्या जागी बसून बघा. पंधरा हजार पगार, सव्वीस दिवस, म्हणजे दिवसाला पावणेसहाशेच्या आसपास. त्याने आठ दिवस बिनपगारी रजा काढून लावणी केली तर साडेचार हजारांवर पाणी सोडतो आणि आठ मजुरांची ३,६०० रुपये मजुरी वाचवतो. हजारभराचा तोटा, शिवाय ठेकेदाराने ‘पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस’ म्हणण्याची भीती वेगळी. कामावर जाऊन मजुरीचे पैसे बापाच्या हातात देणं त्याला स्वस्त पडतं. तो आळशी नाही आणि त्याने शेती टाकलेलीही नाही. त्याने आपले हात काढून घेतले आणि त्या जागी पगार ठेवला. देशभराचं चित्रही याच दिशेचं आहे: २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं, त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकरी कुटुंबातही मोठा वाटा पिकाचा नाही.

पण ज्या मजुरांच्या भरवशावर हा हिशेब उभा आहे ते कोण? कातकरी, ठाकूर, वारली पाड्यांवरचे. त्यांच्याकडे जमीन नाही किंवा वरकसाचा एखादा तुकडा, त्यामुळे ‘तरुण शेती सोडतायत’ या चर्चेत त्यांचं नावच येत नाही. सोडायला शेती असावी लागते ना. मात्र शेतातलं वय ठरतं त्यांच्या येण्या-न येण्यावर. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, आधी घेतलेली उचल फेडायला, आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणून जुलैत लावणीला माणसं मिळतात, पण कापणी लांबली की ती भट्टीच्या हंगामात सापडते. पीक उभं असतं आणि पाडा रिकामा होत असतो. पाड्यावरची वीस-बावीसची पोरंही आता भिवंडीच्या गोदामांत किंवा बांधकामावर जातात, तिथे रोज जास्त मिळतो आणि दिवस पावसात वाया जात नाही. मालकाच्या घरातले हात म्हातारे झाले म्हणून भाड्याचे हात आणले, आणि भाड्याच्या हातांचंही वय वाढायला लागलं, असा हा प्रकार आहे. निबंधात ‘ग्रामीण तरुण’ असा एकच गट लिहू नये तो यासाठी. मालकाचा मुलगा नोकरीत जातो तेव्हा त्याच्यामागे जमीन राहते. मजुराचा मुलगा जातो तेव्हा काहीच राहत नाही, म्हणून तो परत येण्याची शक्यता वेगळी असते.

मुलींचंही तसंच. त्या या चर्चेत जवळजवळ नसतात, जणू तरुण म्हणजे मुलगेच. खरं तर मुली आधी बाहेर पडल्या. लग्नाच्या बोलण्यात मुलीकडचे आता सरळ विचारतात: मुलगा नोकरीला आहे का? आणि पाठोपाठ विचारतात: गावाला जमीन किती? शेती करणारा नको, पण शेती असलेला हवा. या दोन प्रश्नांच्या मध्ये अडकलेला तिशीचा मुलगा नोकरी करतो आणि जमीन धरून ठेवतो, यात नवल काय?

इथवर श्रमाचं आणि पैशाचं झालं. आता मालकी, आणि माझ्या मते गाठ इथेच आहे.

रशियन अर्थतज्ज्ञ चायानोव यांनी शंभर वर्षांपूर्वी शेतकरी कुटुंबाबद्दल एक साधी गोष्ट दाखवली होती. कुटुंबाचंही एक आयुष्य असतं. लग्न झालेलं जोडपं, मग लहान मुलं, म्हणजे खाणारी तोंडं जास्त आणि राबणारे हात कमी. मुलं मोठी झाली की हात वाढतात. मग मुलं वेगळी होतात आणि पुन्हा दोन म्हातारी माणसं उरतात. चायानोव म्हणतात की कुटुंब या चक्राप्रमाणे आपली कसायची जमीन वाढवतं आणि घटवतं. वाढत्या घराने जमीन जास्त घ्यायची, म्हाताऱ्या घराने सोडायची. त्यांच्या रशियन गावांत हे होऊ शकत होतं, कारण तिथे जमीन फेरवाटपाने किंवा भाडेपट्ट्याने हातोहात फिरत होती. घरं म्हातारी होत राहायची, शिवार मात्र तरुणांच्या हातात राहायचं.

हा नियम आपल्या घराला लावून बघा. सहासष्टच्या बापाने दोनपैकी एक एकर शेजारच्या पस्तिशीतल्या, शेती वाढवू बघणाऱ्या माणसाला कसायला द्यायला हवा. तो देत नाही. का?

पहिलं कारण कूळ कायदा. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट आणि शेतजमीन कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवसापासून कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार ठरली. ठाणे जिल्ह्यातल्या कित्येक कुणबी, आगरी, आदिवासी घरांना जमीन मिळाली ती सावकार-जमीनदाराकडून याच कायद्याने. म्हणून या कायद्याचं बळ काय आहे हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ज्याच्या आजोबाला कूळ म्हणून जमीन मिळाली, तोच आज दुसऱ्याला जमीन कसायला देताना घाबरतो: उद्या याचं नाव कूळ म्हणून लागलं तर? कायद्याने एका पिढीला मालक केलं आणि दोन पिढ्यांनंतर तोच कायदा तरुण कसणाऱ्याची वाट अडवतो. त्याला रद्द करा, असं मी म्हणत नाही. त्याने मोठा अन्याय मोडला. पण परिणाम हा आहे.

देतातच, तर तोंडी, अर्धेलीने किंवा खंडाने, एका हंगामापुरती, आणि पुढच्या वर्षी शेत बदलून. तोंडी कसणाऱ्याच्या हातात कागद नसतो. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं, सरकारी केंद्रावर भात विकायला सातबारा आणि त्यावरची पीकनोंद लागते, अवकाळीची भरपाई मालकाच्या खात्यात येते. पुढच्या वर्षी शेत राहील की नाही याची खात्री नसताना तो बांध कशाला दुरुस्त करेल, कूपनलिका कशाला पाडेल? शेती करायची इच्छा असलेला तरुण आहे, आणि अडतो तो इथे. जगभर या विषयावर काम करणारे संशोधक आता याच बाजूला बोट ठेवतात: तरुणांना शेती नको, याच्याइतकाच मोठा प्रश्न असा की तरुणपणी त्यांना जमीन मिळतच नाही. ती मिळते पन्नाशीत, वारसाने.

दुसरं कारण न झालेली वाटणी. आपल्या घरात बापाचं आणि काकाचं नाव सातबाऱ्यावर एकत्र आहे, आजोबा वारल्यावर वारसनोंद झाली पण वाटप झालं नाही. आत्यांची नावंही आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, आणि तो योग्यच आहे. पण घराघरांत त्याला सामोरं जायचं टाळण्यासाठी वाटणीच पुढे ढकलली जाते. सगळ्यांच्या सह्या लागतील असं कुठलंही काम काढायचं नाही, हा त्यावरचा उपाय. धाकट्याला शेततळं करायचं असेल, कर्ज काढायचं असेल, तर बदलापूरच्या भावापासून दिव्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांना विचारावं लागतं.

तिसरं कारण भाव. समृद्धी महामार्ग शहापुरातून येऊन भिवंडीजवळ आमणेला उतरतो, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. भिवंडीची गोदामं आधीच नाशिक रस्त्याने सरकत होती. बदलापूरच्या पुढे सेकंड होमच्या पाट्या आहेत. अशा ठिकाणी एकराची किंमत भात ठरवत नाही, रस्ता ठरवतो. दोन एकरांतून वर्षाला सोळा हजार मिळोत की शून्य मिळो, भाव वाढतच असतो. मग जमीन कसणं आणि जमीन धरणं या वेगळ्या गोष्टी होतात. ती पडीक ठेवली तरी चालते, विकली तर मात्र पुन्हा मिळत नाही. म्हातारा बाप शेतीला चिकटून बसला आहे असं मुलं म्हणतात. अनेकदा तो शेतीला नाही, सहीच्या हक्काला चिकटलेला असतो, कारण घरात त्याचा शब्द मोजला जातो तो त्या सहीमुळेच.

अशा घरांत शेतं एकामागून एक पडीक पडतात, आणि त्यातही एक टप्पा येतो. शिवारातली दोन-चार खाचरं पडीक असली तर फार बिघडत नाही. निम्मी पडीक झाली की उरलेल्यांचं जगणं अवघड होतं. पडीत गवत-झुडपं माजतात, रानडुकरं तिथे थांबतात आणि रात्री शेजारच्या भातात येतात. वरच्या खाचराचा बांध फुटलेला कोणी बांधत नाही, पाणी खालच्या शेतात नको तेव्हा येतं. राखणीला पूर्वी चार जण आलटून पालटून जायचे, आता एकट्याने रात्र काढायची. बैल विकले म्हणून शेण नाही, शेण नाही म्हणून राब पातळ, राब पातळ म्हणून खत विकत. म्हणून गाव हळूहळू, सारख्या वेगाने शेती सोडत नाही. बरीच वर्षं काही बदललेलं दिसत नाही आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत अख्खं शिवार बसतं. शेवटी थांबणारा शेतकरी स्वतःच्या वयामुळे थांबतो, असं वरवर दिसतं, पण त्याला थांबवलेलं असतं शेजाऱ्यांच्या पडीने.

इथे एक शंका रास्त आहे. शेतकरी म्हातारे दिसतात ते तरुण येत नाहीत म्हणून, की माणसं म्हातारपणीच शेतकरी होतात म्हणून? ठाण्या-कोकणातल्या गावांत ही दुसरी परंपरा जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत तरुणपण घालवायचं आणि पन्नाशीत गावी येऊन शेत बघायचं. १९८२ च्या संपानंतर तर कित्येकांना ते वेळेआधीच करावं लागलं. एखाद्या गावात आज सगळे कसणारे साठीचे दिसले, तर तीस वर्षांपूर्वीही तसेच दिसले असतील, फक्त माणसं वेगळी. एका वर्षाचं सरासरी वय यातला फरक सांगू शकत नाही. तो कळायला प्रत्येक म्हाताऱ्याला एकच प्रश्न विचारावा लागतो: तिसाव्या वर्षी तुम्ही कुठे होता? उत्तर ‘इथेच’ असेल तर पिढी खरोखर तुटते आहे. उत्तर ‘परळला’ किंवा ‘वागळे इस्टेटला’ असेल तर शेती ही नोकरीनंतरची जागा आहे, आणि आजचा धाकटाही वीस वर्षांनी तिथे पोचण्याचा संभव आहे. ठेकेदारीच्या नोकरीला निवृत्तिवेतन नाही, पंचेचाळिशीनंतर तिथे ठेवतही नाहीत. २०२० च्या टाळेबंदीने हे एकदा दाखवलं आहे. श्रमबल सर्वेक्षणात शेतीतल्या कामकऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्क्यांवर चढला, आणि २०२३-२४ पर्यंतही जुन्या पातळीवर उतरला नाही. शहराने हात झटकले की माणसं सातबाऱ्याकडे येतात. फक्त गिरणी कामगार परत आला तेव्हा शेजारपाजारची शेतं उभी होती, सावड होती. धाकटा परत येईल तेव्हा शिवार उभं असेल का, हे त्याच्या हातात नाही.

नवी मुंबईची गावं या चौकटीत बसवू नका, तिथे गोष्टच निराळी. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांची जमीन संपादनात गेली, खारबंदिस्तीची भातशेती आणि मिठागरांसह. तिथल्या आगरी-कोळी तरुणाने शेती सोडली नाही, शेतीच त्याच्या पायाखालून काढून घेतली. पुढे दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ चं आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग निघाला. ‘तरुण शेतीत नाहीत’ हा आकडा घणसोलीतही निघेल आणि मुरबाडलाही, पण एका ठिकाणी तो संपादनाचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साचलेल्या मालकीचा.

मग मुरबाड-शहापुरात तरुण शेतीत दिसतात ते कुठे? दुसरं पीक जिथे होतं तिथे. नदी-ओढ्याकाठी किंवा कूपनलिकेला पाणी असलेल्या शेतांत भात निघाला की भेंडी, काकडी, कारली लागतात आणि माल कल्याण किंवा वाशीच्या बाजारात जातो. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, रोख पैसा आठवड्याला हातात येतो, म्हणून पंचविशीचा मुलगा पगाराशी तुलना करू शकतो. एकट्या भाताला ती तुलना कधीच जिंकता येणार नाही. आणि पाण्याचा नकाशा बघा: तानसा, भातसा, मोडकसागर मुंबईकडे, बारवी एमआयडीसी आणि शहरांकडे. धरणं याच भागातली आणि डिसेंबरनंतर शिवार कोरडं. तरुण बाहेर गेले त्याच वाटेने आधी पाणी गेलेलं आहे.

जे पाण्यावाचून आहेत त्यांनी लावणीच टाळायचे मार्ग शोधले. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेलं सगुणा राइस तंत्र हा त्यातला एक: गादीवाफ्यावर थेट टोकण, चिखलणी नाही, लावणी नाही. ते आठ दिवसांचं शिखरच कापून टाकतं, म्हणून म्हाताऱ्या घराला सोयीचं. पहिल्या वर्षी वाफे करायला खर्च येतो आणि तणासाठी तणनाशक वेळेवर मारावं लागतं, तिथे चुकलं की भात गवतात हरवतो. पण श्रमाचा प्रश्न यंत्राने किंवा तंत्राने सुटला तरी मालकीची गाठ तशीच राहते. आपल्या घरात वडिलांनी टोकण स्वीकारली आणि मजुरीचे बारा हजार वाचवले, तर ते आणखी दहा वर्षं एकट्याने शेती ओढतील. धाकट्याला त्या दोन एकरांत भेंडी करायची असेल, तर त्याला तरीही तहसीलदाराकडे जाऊन वाटपाचा अर्ज करावा लागेल, आणि त्यावर काका आणि आत्या यांची संमती लागेल.